जंतू दाद देत नाही

"एकशे एक जरा जास्तच होतात ओ. एकावन्नावर भागवा की."

माझ्या औषधाच्या दुकानात भाव करणारे पुष्कळ येतात, पण गोळ्यांच्या संख्येत घासाघीस करणारे धोमकडचे हे आजोबा पहिलेच. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी गोळीच्या नावापुढे १-०-१ लिहिलं होतं. मधल्या दोन आडव्या रेघा घाईत पुसट उमटल्या होत्या. आजोबांनी ते सरळ एकशे एक वाचलं. हा आकडा त्यांनी आयुष्यभर लग्नाच्या पाकिटावर आणि देवळाच्या पावतीवरच पाहिलेला, त्यामुळे त्यात थोडं कमी-जास्त करायला त्यांना काही वावगं वाटलं नाही.

मी म्हटलं, "आजोबा, हे एकशे एक नाही. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक."

आजोबा चिठ्ठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दुपारी घ्यायची न्हाय, तर दुपारचं लिवलंय कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर डी. फार्म.च्या अभ्यासक्रमात नाही.

माझं दुकान वाईत आहे. गाव म्हणून वाईचा मला अभिमान आहे आणि थोडी भीतीही आहे. कारण मराठी विश्वकोशाचं कार्यालय इथंच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी इथं बसून विश्वकोशाचं काम उभं केलं, पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि त्या कामासाठी आधी परिभाषाही घडवावी लागली. म्हणजे जगातल्या हरेक गोष्टीला मराठी शब्द शोधणारी माणसं माझ्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर बसत. त्यांच्याकडे प्लीहा, स्वादुपिंड, अवटू ग्रंथी असे घोटीव शब्द. माझ्याकडे गिऱ्हाईक. शब्द त्यांनी घडवायचे आणि काउंटरवर आपटून बघायचे मी, अशी ही न ठरवता झालेली वाटणी गेली चौतीस वर्षं चालू आहे. स्वादुपिंडाचं सांगतो. "तुमच्या स्वादुपिंडाला सूज आहे," असं मी एकदा एका बाईंना अगदी शुद्ध मनाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "ते कुठल्या हलवायाकडं मिळतं?"

चिठ्ठीचा त्रास मुळात असा, की ती तीन भाषांत असते. औषधाचं नाव कंपनीच्या भाषेत, अक्षर डॉक्टरांच्या स्वतःच्या भाषेत आणि सूचना लॅटिनमध्ये. चिठ्ठीच्या डोक्यावर जे वळणदार आर आणि एक्स असतं, ते लॅटिनमधल्या 'घे' या आज्ञेचं चिन्ह. पाककृतीला इंग्रजीत जो शब्द आहे तोच हा. पुरणपोळी आणि पॅरासिटामॉल एकाच क्रियापदाने सुरू होतात, हे मला फार उशिरा कळलं. त्याच्या खाली ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस ही लॅटिनची नातवंडं रांगेनं बसलेली असतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत त्याच ओडीचा अर्थ उजवा डोळा. तेव्हा थेंबांच्या बाटलीपुढे ओडी दिसलं, की मी आधी चिठ्ठीवरचं डॉक्टरांचं नाव आणि शिक्षण वाचतो, मगच तोंड उघडतो.

बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. खोकल्याच्या औषधापुढं हे लिहिलेलं असताना एका गृहस्थांच्या नातवाने चिठ्ठी मोठ्यांदा वाचून दाखवली. गृहस्थ उजळले. "बघा, तुमची आज्जी उगंच वरडती. डाक्टरनी सोताच बिडी लिवून दिलीया." आता यात नातवाची चूक नाही, आजोबांची नाही आणि डॉक्टरांचीही नाही. चूक असलीच तर रोमन लोकांची. टीडीएस म्हणजे तीनदा, हे मला एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना पटवावं लागलं. पेन्शनमधून कापतात ते कापतात, आता गोळीतूनही कापायला लागले की काय, अशी त्यांची समजूत झाली होती.

तसा या शब्दांचा तर्जुमा सोपा. एचएस म्हणजे 'झोपताना'. एसओएस म्हणजे 'लागलं तर'. पण भाषांतर बरोबर होऊनही काम भागत नाही, हे मी या 'लागलं तर'मुळे शिकलो. तापाच्या साडेसहाशेच्या गोळीपुढे एसओएस होतं. मी पाकिटावर 'लागली तर घ्या' असं ठसठशीत लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. ताप एकशे दोनवर होता, पण त्यांनी गोळी घेतली नव्हती. का, तर 'लागली' नाही. त्यांच्या भाषेत औषध लागतं म्हणजे ते अंगाला मानवतं, गुण देतं. न घेता ते लागणार कसं, आणि लागल्याशिवाय घ्यायचं कसं, अशा पेचात त्या रात्रभर पडल्या होत्या. तेव्हापासून मी एसओएसचं भाषांतर करत नाही. मी लिहितो, 'ताप शंभरच्या वर गेला तर एक. पुन्हा चढला तर सहा तासांनी. दिवसात चारच्या वर नाही.' मूळ अक्षरं तीन आणि त्याचं मराठी तीन वाक्यांचं. विश्वकोशवाले हे मान्य करणार नाहीत, पण त्यांच्याकडे ताप घेऊन कोणी परत येत नाही.

असाच एक शब्द 'फास्टिंग'. लॅबच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात 'उपवासाची साखर' असा फलक होता. उपवास हा शब्द कोशाप्रमाणे बरोबर. पण महाराष्ट्रात उपवास म्हणजे काय खायचं हे ठरवण्याचा दिवस. आमच्या गल्लीतल्या एक मावशी योगायोगाने नेमक्या संकष्टीला रक्त द्यायला गेल्या. सकाळी ढोल्या गणपतीचं दर्शन, घरी येऊन साबुदाण्याची खिचडी, एक दाण्याचा लाडू आणि मग 'उपवासाची साखर'. आली दोनशे बारा. गोळी वाढवून लिहिलेली चिठ्ठी घेऊन त्या माझ्याकडे आल्या. एकदम एवढी साखर कशी चढली म्हणून मी विचारलं, "रात्रीपासून रक्त देईपर्यंत काय काय खाल्लं होतं?"

"कायसुद्धा नाही. उपास होता ना. नुसती खिचडी."

मी त्यांना चिठ्ठीसकट परत डॉक्टरांकडे पाठवलं. दोन दिवसांनी पुन्हा तपासली, तर एकशे अठरा. वाढवलेली गोळी रद्द झाली. या गोष्टीला मराठीत शब्द नाही असं नाही, उलट फार नामी शब्द आहे: अनशापोटी. आमच्या आज्या एरंडेल द्यायच्या ते अनशापोटी. त्यात देव नाही, तिथी नाही, साबुदाणा तर नाहीच नाही. लॅबवाल्यांना मी तो सुचवला, आणि त्यांनी फलक बदललाही. फक्त एक सवलत हा शब्द जुन्या काळापासून देत आलाय, ती मला तोंडी काढून घ्यावी लागते. आमच्याकडे चहा हा पोटात जात नाही. तो नुसता घेतला जातो. तेव्हा "अनशापोटी" म्हटल्यावर मी लगेच जोडतो, "चहासुद्धा नाही, फक्त पाणी. आठ-दहा तास." यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटतं, ते रोगाच्या निदानानंतरही उमटत नाही.

कधीकधी वाटतं, मराठीला वैद्यकी जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी माझ्या काउंटरवर एक पावसाळा काढावा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात म्हणून मलम मागतात, नखुरडं ठसठसतंय म्हणतात, डोळ्याला रांजणवाडी आलीय, पायाला कुरूप झालंय, पाठीत उसण भरलीय, मांडीला केसतूड उठलंय. गालगुंड, डांग्या खोकला, गजकर्ण, नागीण, मुडदूस, प्रत्येक शब्द असा की ऐकताक्षणी रोग डोळ्यासमोर उभा राहावा. सरकारनेही 'हिवताप' हा शब्द उचलला आणि त्यावर अधिकारी नेमला. मलेरिया अधिकारी म्हटलं असतं तर हा मलेरिया देणारा की घालवणारा, अशी शंका आली असती. हिवताप म्हटलं की हुडहुडी भरते आणि शंका उरत नाही.

पण या सगळ्या शब्दांत एक गोम आहे. जे डोळ्याला दिसलं, हाताला लागलं, अंगात ठणकलं, त्याला आपल्या लोकांनी नाव दिलं. जे फक्त यंत्राला दिसतं, त्याला नाव देण्याचं त्यांना कारणच पडलं नाही. केसतूड दिसतं, क्रिएटिनिन दिसत नाही. त्यामुळे चिठ्ठी कशीबशी निभावते आणि रिपोर्ट आला की मराठी माणूस मुका होतो.

आणि पोटातल्या ज्या वस्तूंना जुनी नावं आहेत, तिथं वेगळाच घोळ. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असं आलेले एक शेतकरी माझ्याकडे आले. यकृत हा शब्द त्यांना कळणार नाही म्हणून मी हुशारी केली. मटणाच्या दुकानात लिव्हरला आपण काय म्हणतो? काळीज. गावजत्रेत बोकड पडला की काळीज कुणी खायचं यावरून भाऊबंदकी होते, ते लिव्हरच. तेव्हा मी म्हटलं, "काही नाही हो, काळजावर थोडी चरबी साठलीय." त्यांनी डावा हात छातीवर ठेवला आणि बाकावर बसले. बरोबरच्या वहिनींनी डोळ्याला पदर लावला. बोकडाचं काळीज उजवीकडे पोटात असतं आणि माणसाचं मात्र छातीत डावीकडे धडधडतं, गाण्यांनी आणि तमाशांनी ते तिथंच ठेवलंय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना पाणी दिलं आणि सुचेना म्हणून शेवटी म्हटलं, "अहो, लिव्हर, लिव्हर!"

"मग लिव्हर म्हना की सरळ!" ते ओरडले. "उगं इंग्रजी मारताय."

त्या दिवसापासून लिव्हर हा माझ्या दुकानापुरता मराठी शब्द आहे.

आता खरी गोष्ट सांगतो. ही आक्कांची. आक्का मेणवलीच्या बाजूच्या, पंचावन्नच्या आसपास, सात-आठ वर्षांची साखर. त्या माझ्याकडे रक्तवाढीचं टॉनिक मागायला आल्या, तेही मोठी बाटली. अंगात रक्त कमी झालंय म्हणाल्या, रिपोर्टच आलाय. घरातले सगळे कामाला लागले होते. सकाळी भिजवलेल्या काळ्या मनुका, दहा वाजता खजूर, दुपारी गूळ-शेंगदाणे, संध्याकाळी डाळिंबाचा रस, आणि पुतण्याने लोखंडी कढई आणून दिलेली. तीन आठवडे हा खुराक चालला होता. गुण मात्र येत नव्हता. उलट तहान वाढली होती, रात्री चारदा उठावं लागत होतं, पायांना मुंग्या येत होत्या.

मी म्हटलं, रिपोर्ट दाखवा. पुतण्याने पिशवीतून काढून त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. पोरगं इंजिनिअरिंगला, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. ओळ होती 'ग्लायकोसायलेटेड हिमोग्लोबिन' आणि पुढे ८.२. बायकांचं हिमोग्लोबिन बारा ते पंधरा असावं, हे त्याने मोबाईलवर बघितलं होतं. आठ म्हणजे केवढं कमी! ओळीतला पहिला शब्द लांबलचक होता म्हणून त्याने तो सोडून दिला होता. आपण जाहिरातीतल्या अटी वाचत नाही, तसं.

पण सगळी करामत त्या सोडलेल्या शब्दातच. हिमोग्लोबिन किती आहे ते ही तपासणी सांगतच नाही. हिमोग्लोबिनला साखर किती चिकटलीय ते सांगते. ओळखायची खूण आकड्याच्या शेजारी असते. खरं हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये मोजतात आणि हे टक्क्यांत. आक्कांच्या आठाशेजारी टक्क्याचं चिन्ह होतं. खालच्या ओळीत लॅबने सरासरी साखरेचा हिशोबही मांडून दिला होता, एकशे एकोणनव्वद. आणि पुतण्याने न उलटलेल्या तिसऱ्या पानावर खरं हिमोग्लोबिन मुकाट बसलेलं होतं, बारा पॉइंट चार. म्हणजे रक्त उत्तम होतं, साखर वाढलेली होती, आणि घरचे प्रेमाने रोज तिच्यात खजूर टाकत होते.

हे आक्कांना सांगायचं कसं? 'तीन महिन्यांची सरासरी' हे नेहमीचं मराठी. पण सरासरी हा शाळेतला शब्द, तो ऐकला की माणूस मान हलवतो आणि विसरतो. एवढ्यात दिवाळीची आठवण झाली.

"आक्का, गुलाबजाम करता ना?"

"करते की."

"तळून पाकात टाकलेला लगेच खाल्ला तर?"

"वरनं गोड लागंल. आत पीठच."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"मुरतो."

"तसंच हे. तुमच्या रक्तातल्या लाल पेशी म्हणजे गुलाबजाम, आणि रक्त म्हणजे पाक. एक पेशी साधारण एकशे वीस दिवस जगते, तेवढे दिवस पाकात. पाक जितका घट्ट, तितकी साखर मुरणार. आणि एकदा मुरली की पेशी मरेपर्यंत निघत नाही. ही तपासणी बोटाच्या थेंबातली आजची साखर बघत नाही. मुरलेली बघते."

आक्का बराच वेळ गप्प. मग एकदम म्हणाल्या, "म्हंजी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी भात सोडला, तरी ह्याला कळतंय?"

हा प्रश्न विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही, आठ वर्षं पथ्य चुकवलेलं असावं लागतं. कळतं, मी म्हटलं. एका दिवसाच्या पाण्याने मुरलेला पाक उतरत नाही. आणि याला अनशापोटी यायचीही गरज नाही, जेवून आलात तरी चालतं. खरं तर या तपासणीलाही कधीकधी फसवता येतं. अंगातलं रक्तच फार कमी झालं असेल किंवा पेशी वेळेआधी मरत असतील तर ती चुकीचा आकडा देते. पण ते मी आक्कांना सांगितलं नाही. त्यांनी पळवाट म्हणून ते जन्मभर लक्षात ठेवलं असतं. टॉनिकही दिलं नाही. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आणि पुतण्याला म्हटलं, कढई ठेव, बाकीचं वाटून टाक.

पुढच्या दिवाळीला आक्का आल्या. आकडा साडेसातवर उतरला होता. बरोबर शेजारीण होती. तिला आक्का सांगत होत्या, "रोजची बघायची ती येगळी आन् मुरलेली येगळी. मला मुरलेल्याची भ्या." 'मुरलेली साखर' हा शब्द आता मेणवलीच्या बाजूला रूढ आहे. विश्वकोशाच्या पुढच्या आवृत्तीत घ्यावा अशी माझी सूचना आहे, पण अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा ते कळत नाही.

शेवटचे गुरुजी. निवृत्त शिक्षक, विषय मराठी, व्याकरण हाडात मुरलेलं. त्यांच्या पत्नींना लघवीला जळजळ होत होती. डॉक्टरांनी कल्चर करायला लावलं आणि रिपोर्टाप्रमाणे औषध बदलून दिलं. गुरुजी चिठ्ठी आणि रिपोर्ट घेऊन आले, मागून बाई. गुरुजी म्हणाले, "हे नवीन औषध नको. गेल्या वर्षी सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिलं होतं, तेच द्या. डॉक्टरांची घाईत काहीतरी गफलत झाली आहे."

मी रिपोर्ट बघितला. पहिल्या पानावर ई. कोलाय, एक लाखावर वस्ती. हा मूळचा आपल्या आतड्यातला रहिवासी. तिथं असतो तोवर त्याची तक्रार नसते, पण शेजारच्या वाटेने मूत्रमार्गात शिरला की त्रास देतो. खाली औषधांची यादी, आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस. सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे आर.

"गफलत काय झाली, गुरुजी?"

"हे पाहा." गुरुजींनी चष्मा सरसावला. "एस म्हणजे सेन्सिटिव्ह. संवेदनशील. हिला कोळंबी जशी सोसत नाही, पित्त उठतं, तसंच हे नायट्रो काहीतरी तिला सोसणार नाही असं स्वच्छ लिहिलं आहे. आणि डॉक्टरांनी नेमकं तेच लिहून दिलं. आर म्हणजे रेझिस्टंट. प्रतिकार. म्हणजे सिप्रोने प्रतिकारशक्ती येते. मी शब्दकोश बघूनच आलो आहे."

सगळे अर्थ कोशाप्रमाणे बरोबर होते. औषध मात्र त्यांनी बरोबर उलटं निवडलं होतं. गेल्या वर्षीच्या गोळ्या घरात उरल्या असत्या, तर त्यांनी विचारलंही नसतं, जळजळीने हैराण झालेल्या बायकोला रोज दोन निकामी गोळ्या चारल्या असत्या. मी म्हटलं, "गुरुजी, वाक्यातला कर्ता ओळखा."

गुरुजींना हा प्रश्न इतरांना विचारायची सवय. ते थबकले. "कर्ता? ही."

"वहिनी नाहीत. कर्ता जंतू. वहिनींचं नाव फक्त पानाच्या डोक्यावर आहे, पैसे कुणी भरायचे त्यासाठी. खालचं सगळं जंतूबद्दल आहे. सेन्सिटिव्ह कोण, तर जंतू. रेझिस्टंट कोण, तर जंतू."

मग मी त्यांना लॅबमध्ये काय करतात ते सांगितलं. बशीत जंतूंचं पीक वाढवतात, त्यावर प्रत्येक औषध लावलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात, रात्रभर उबेत राहू देतात. सकाळी ज्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडलं, तिथले जंतू मेले, म्हणून एस. ज्या टिकलीला खेटून पीक तरारून उभं, तिथं आर. मोकळं वर्तुळ पट्टीने मोजतात, त्यावर ठरतं.

"मग याला मराठीत काय म्हणायचं?" गुरुजींनी विचारलं. व्याकरणाचा माणूस, शब्द मिळाल्याशिवाय औषध घेणार नाही.

शब्द माझ्या तोंडात होता, फक्त आजवर तो मी रोगाबद्दल वापरत आलो होतो, रिपोर्टाबद्दल नाही. घरोघरी म्हणतात, ताप औषधाला दाद देत नाही. "एस म्हणजे जंतू या औषधाला दाद देतो. आर म्हणजे दाद देत नाही."

गुरुजी खूश झाले, पण लगेच भुवया चढल्या. ते दर गुरुवारी भजनाला जातात. "एक अडचण आहे. दाद देणारा श्रोता मान डोलावतो, पुढे सरकून बसतो. तुमच्या त्या बशीत तर औषधाभोवतीचे सगळे मरून पडले. ज्याच्या गाण्यानं पहिल्या चार रांगा गारद होतात, त्याला दाद मिळाली म्हणायचं?"

"म्हणायचं. आणि ज्याचं चालू असताना लोक शेंगा खात निवांत बसतात, तो तुमचा सिप्रो."

गुरुजींनी हे मान्य केलं. मी गोळ्यांची पट्टी काढली आणि पाकिटावर लिहिलं, जेवणानंतर, पूर्ण होईपर्यंत, बरं वाटलं तरी मध्ये सोडायची नाही. वर तोंडी सांगितलं, "लघवी गडद पिवळी, विटकरीसुद्धा होईल. ते औषधामुळे, घाबरू नका." हे आधी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर रात्री अकराला फोन येतो, आणि फोनवर रंगाचं जे वर्णन ऐकावं लागतं त्याला मराठी कमी पडत नाही.

एवढा वेळ बाई काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांनी रिपोर्ट पुढे ओढून घेतला, चष्मा लावला आणि आर असलेल्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत सावकाश बोट फिरवलं. दोनदा फिरवलं.

"दाद न देणाऱ्यांची यादी म्हणालात ना ही?"

"हो."

"मग ह्यांचं नाव राहिलंय यात," असं म्हणून त्यांनी पट्टी पिशवीत टाकली आणि पायरी उतरल्या.